पीएचडीची ऑफर हातात आहे: हो म्हणण्याआधीच्या तीन आठवड्यांत काय तपासायचं

"पीएचडी करू का?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, कारण त्याला उत्तरच नाही. एकाच विषयात, एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्या दोघांपैकी एक जण साडेचार वर्षांत प्रबंध जमा करून बाहेर पडतो आणि दुसरा सहाव्या वर्षीही तिसऱ्या प्रकरणात अडकलेला असतो. दोघांच्या हुशारीत फारसा फरक नसतो. फरक असतो तो गाईडमध्ये, पैसे कधीपर्यंत येत राहतात यात आणि घरच्या परिस्थितीत. म्हणून मी प्रश्न बदलून घ्यायला सांगतो: "या गाईडकडे, या पैशांवर, पुढची पाच वर्षं मी हे काम करू का?" या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, आणि त्यातलं बरंचसं ऑफर हातात आल्यानंतरच शोधता येतं. तोवर तुम्ही उमेदवार असता. ऑफर आल्यावर निवड तुमच्या हातात येते, आणि ती फार थोडे दिवस राहते.

उत्तर द्यायला सहसा काही आठवडे मिळतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या नियमाप्रमाणे, आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. इतरत्र मुदत वेगवेगळी असते. आठच दिवस मिळाले असतील तर "मला निर्णय नीट घ्यायचा आहे, आणखी दोन आठवडे मिळतील का?" असा दोन ओळींचा मेल पाठवा. असा मेल पाठवल्याने ऑफर गेल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. आणि दोन आठवडे मागितले म्हणून जो गाईड चिडतो, त्याने तुम्हाला एक महत्त्वाची माहिती फुकट दिलेली असते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरणार आहे. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीपुढे दोन ऑफर होत्या, आणि तिसरा पर्याय म्हणून चालू नोकरी होती. विषय भूजलाचा: पाऊस, विहिरींची पातळी आणि उपसा यांची आकडेमोड. पहिल्या ऑफरचा गाईड नावाजलेला, मोठा गट, स्टायपेंड चांगला. दुसरी गाईड नवीन, गटात मोजकीच माणसं, स्टायपेंड कमी. तिची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, पण हिशोबाची रीत तीच आहे.

पहिलं काम: पैसे महिन्यांत मोजा

ऑफर वाचताना डोळा आधी दरमहाच्या रकमेकडे जातो. मी रक्कम बाजूला ठेवायला सांगतो. मोजायचं ते हे: हे पैसे मला किती महिने जगवतील, आणि पीएचडीला खरोखर किती महिने लागतील?

पहिला आकडा असा काढा. तुमचा महिन्याचा खरा खर्च मांडा. राहणं, जेवण, प्रवास आणि फी माफ नसेल तर फी तर धराच. घरी पैसे पाठवत असाल तर तेही धरा. वर्षातून एकदाच येणारे खर्च बारांनी भागून त्यात मिळवा. समजा हा खर्च १० आला. तिच्या पहिल्या ऑफरचा स्टायपेंड या मापाने १२ होता आणि तो ३६ महिने मिळणार होता. म्हणजे एकूण ४३२, आणि खर्च १० असल्यामुळे जेमतेम ४३ महिने निघणार. तेही दरमहा उरलेले २ तिने न चुकता बाजूला टाकले तर. दुसऱ्या ऑफरचा स्टायपेंड नेमका १० होता, पण मिळणार होता ४८ महिने. शिल्लक काही नाही, पण ४८ महिने निघणार.

दुसरा आकडा म्हणजे खरोखर लागणारा काळ. माहितीपत्रकात "कालावधी: तीन वर्षे" असं लिहिलेलं असतं, त्यावर हिशोब करू नका. त्या गाईडकडे पूर्ण झालेल्या मागच्या पाच-सहा जणांना किती महिने लागले ते काढा. कसं, ते पुढच्या पायरीत सांगतो. पहिल्या गाईडचे आकडे निघाले ४९, ५२, ५५, ६१, ६४ आणि ७०. मधला आकडा येतो ५८. दुसरी गाईड नवीन असल्यामुळे तिच्या विभागाचा मधला आकडा घेतला, तो होता ५४.

आता वजाबाकी करा. पहिल्या ऑफरमध्ये ५८ वजा ४३, म्हणजे १५ महिने बिनपैशांचे. दुसऱ्यात ५४ वजा ४८, म्हणजे ६ महिने. ज्या ऑफरचा स्टायपेंड जास्त दिसत होता, तीच महाग पडणार होती. आणि हे बिनपैशांचे महिने सगळ्यात शेवटी येतात, नेमके लिखाणाच्या काळात. त्याच वेळी नोकरी धरावी लागली की दिवसाचे दोन तास प्रबंधाला उरतात आणि सहा महिन्यांचं काम दीड वर्ष चालतं. म्हणजे १५ महिन्यांची तूट १५ वर थांबत नाही.

रकमेखेरीज तीन गोष्टी मेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पैसे कोणाच्या नावावर आहेत? फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर असेल तर गाईड बदलला तरी ती बहुधा तुमच्यासोबत राहते. पैसे गाईडच्या प्रोजेक्टमधून येत असतील तर प्रोजेक्ट संपला की तेही संपतात. मग तुम्हाला नव्या प्रोजेक्टवर घेतलं जातं, आणि त्या प्रोजेक्टचं काम तुमच्या प्रबंधात बसतंच असं नाही. मी पाहिलेल्या लांबलेल्या पीएचडींमध्ये हे कारण वारंवार दिसतं: दोन वर्षं एका प्रश्नावर, पुढची दोन दुसऱ्याच, आणि प्रबंध दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. म्हणून प्रोजेक्ट कोणत्या महिन्यात संपतो ते विचारा. त्याची तारीख ठरलेली असते.

शिकवण्याचं काम किती? "आठवड्याला काही तास" हे उत्तर स्वीकारू नका. आकडा विचारा, आणि पेपर तपासण्याचे तास त्यात धरलेत का तेही विचारा. आठवड्याला वीस तास जात असतील तर तुमची पीएचडी अर्धवेळ आहे, हे धरूनच चाला.

प्रबंध जमा केल्यानंतर काय? अनेक ठिकाणी प्रबंध जमा केल्या दिवशी स्टायपेंड थांबतो. परीक्षकांचे अहवाल येऊन व्हायवा व्हायला मात्र काही महिने लागतात. ते महिनेही तुमच्या हिशोबात हवेत.

माझं ठोकळ माप असं आहे. तूट सहा महिन्यांपर्यंत असेल तर ती भरून काढता येते. बारा महिन्यांच्या पुढे असेल आणि हाताशी बचत किंवा घरचा आधार नसेल, तर त्या ऑफरला आहे त्या स्थितीत हो म्हणू नका. पैसे वाढवून मागा, नाहीतर वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करा.

दुसरं काम: गाईडच्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगतो, आणि याच कामाचा लोकांना सगळ्यात जास्त कंटाळा येतो. गाईडच्या वेबपानावर यशस्वी विद्यार्थ्यांची नावं असतात. तुम्हाला सोडून गेलेल्यांचीही हवी आहेत.

सुरुवात विद्यापीठाच्या प्रबंधसंग्रहापासून करा. गाईडच्या नावाने शोधलं की पूर्ण झालेले प्रबंध वर्षासह मिळतात. मग गाईडचे मागच्या दहा वर्षांतले शोधनिबंध काढा आणि लेखकांच्या नावांवरून नजर फिरवा. एखादं नाव दोन निबंधांत दिसतं, पत्ता त्याच विभागाचा असतो आणि पुढे ते नाव कुठेच येत नाही, प्रबंधसंग्रहातही नाही. ते नाव लिहून ठेवा. पोस्टडॉक किंवा थोड्या काळासाठी आलेले लोकही असे दिसतात, म्हणून प्रत्येक गायब नावाचा अर्थ "सोडून गेला" असा लावू नका. पण अशी चार-पाच नावं निघाली तर विचारायला हवं.

सुरू केल्याचं वर्ष प्रबंधाच्या नोंदीत, प्रबंधातल्या परिचयात किंवा त्या व्यक्तीच्या सार्वजनिक प्रोफाइलवर बहुतेक वेळा सापडतं. पूर्ण झालेल्या प्रबंधांची ऋणनिर्देशाची पानंही वाचा. तिथे सगळेच गाईडचे आभार मानतात, त्यात विशेष नाही. आभार कशाबद्दल मानलेत ते पाहा. "प्रत्येक मसुदा बारकाईने वाचल्याबद्दल" आणि "मला पूर्ण स्वातंत्र्य दिल्याबद्दल" ही दोन वेगवेगळ्या गाईडची वर्णनं आहेत. आणि एकाच गटातले तीन जण, तांत्रिक मदतीबद्दल, एकाच सीनियरचे आभार मानत असतील तर तिथे शिकवण्याचं काम प्रत्यक्षात कोण करत होतं ते कळतं. तो सीनियर आता तिथे आहे का?

तिच्या पहिल्या गाईडची यादी अशी निघाली: एकूण अकरा नावं, सहा प्रबंध पूर्ण, दोघे सध्या काम करताहेत, तिघांचा पत्ता नाही. नवीन गाईडच्या यादीत तीनच नावं होती. एकाचा प्रबंध पूर्ण, दोघे चालू. तीन नावांवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि नव्या गाईडच्या बाबतीत ही अडचण राहतेच. अशा वेळी वेगळे प्रश्न लागतात: त्यांची नोकरी कायम आहे का? त्या दुसरीकडे गेल्या तर विद्यार्थ्यांचं काय होईल? विभागात सहमार्गदर्शक म्हणून कोण उभं राहील?

यादी झाली की फोन करा. मेलवर कोणी खरं लिहीत नाही, आणि लिहावं अशी अपेक्षाही ठेवू नये. किमान तिघांशी बोला: एक सध्याचा विद्यार्थी, एक पूर्ण करून बाहेर पडलेला आणि जमलं तर एक सोडून गेलेला. "सर कसे आहेत?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. घडलेल्या गोष्टी विचारा. शेवटचा मसुदा किती दिवसांनी परत आला? काम सहा महिने चाललंच नाही तेव्हा गाईडने काय केलं? निबंधावर नावांचा क्रम कोण ठरवतं आणि कधी? मागची मोठी सुट्टी कधी घेतली होती?

तिने केलेला एक फोन मला तिने शब्दशः सांगितला. पलीकडे पूर्ण करून बाहेर पडलेला एक जण होता.

"दादा, सरांकडून मसुदा परत यायला साधारण किती दिवस लागायचे?"

"अगं, सर फार मोठे आहेत. त्यांच्याकडून शिकायला खूप मिळतं."

"हो, ते ऐकलंय. पण मसुदा?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "माझं दुसरं प्रकरण सात महिने त्यांच्याकडे होतं. तू पाठवून दे आणि पुढच्या कामाला लाग, हाच उपाय. सर माणूस म्हणून चांगले आहेत, मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही."

तो खरोखरच विरुद्ध बोलत नव्हता. सात महिन्यांनी मसुदा परत देणारा गाईड वाईट माणूस असतोच असं नाही. त्याच्याकडे आठ विद्यार्थी असतात, तीन समित्या असतात. ज्याला आपला प्रश्न स्वतः शोधून, स्वतः चाचपडत पुढे जाता येतं, त्याला असा गाईड चालतोही. तिला ते जमणार नाही, हे तिला स्वतःलाच माहीत होतं. आधीच्या प्रकल्पातही दर आठवड्याला कोणाशी तरी बोलल्याशिवाय तिचं काम पुढे सरकत नसे. गाईड जुळतो की नाही हे दोन्ही बाजूंनी पाहायचं असतं, म्हणून स्वतःबद्दलचं हे एक वाक्य आधी कागदावर लिहा: माझं काम कशामुळे अडतं?

मग गाईडशी बोला आणि तेच प्रश्न त्यांनाही विचारा. "तुम्ही मसुदा साधारण किती दिवसांत पाहता?" हा प्रश्न आदराने विचारता येतो. विद्यार्थ्यांनी सांगितलेला आकडा आणि गाईडने सांगितलेला आकडा यांतलं अंतर पाहा. पहिल्या गाईडने "एक-दोन आठवडे" सांगितलं. नवीन गाईड म्हणाली, "दहा दिवस. सत्र संपतानाच्या महिन्यात जास्त." तिच्या विद्यार्थ्यांनीही जवळपास हेच सांगितलं होतं.

शेवटी एक छोटी परीक्षा घ्या. गाईडच्या एखाद्या निबंधावरून पुढे काय करता येईल याचं एक पानी टिपण लिहून पाठवा. टिपण कच्चं असलं तरी चालेल, तुम्हाला उत्तर पाहायचंय. "छान, प्रत्यक्ष भेटू तेव्हा बोलू" हे एक उत्तर. "तुझा तिसरा मुद्दा चालणार नाही, कारण उपशाची आकडेवारी तालुक्याच्या पातळीवर मिळत नाही, दुसरा मुद्दा वाढव" हे दुसरं. पुढची पाच वर्षं अशीच उत्तरं येणार आहेत.

तिसरं काम: शेवटी कुठली नोकरी?

इथे थोडी कठोर आकडेवारी मनात ठेवावी लागते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये एका अहवालात विज्ञानातल्या पीएचडीधारकांचा प्रवास आकृतीने दाखवला होता. त्यात विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधनाच्या जागेवर पोचणारे ३.५ टक्के आणि प्राध्यापक होणारे ०.४५ टक्के होते. निम्म्याहून थोडे जास्त लोक पीएचडीनंतर लगेच विज्ञानाबाहेरच्या कामाकडे वळत होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अभियांत्रिकीबद्दल लार्सन आणि सहकाऱ्यांनी साधी मोजणी केली: एक प्राध्यापक आपल्या कारकिर्दीत सरासरी ७.८ जणांना पीएचडी देतो. प्राध्यापकांच्या जागा वाढत नसतील तर त्या आठांपैकी एकालाच त्याची खुर्ची मिळणार. देश आणि विषय बदलला की आकडे बदलतात, पण जागा कमी आणि उमेदवार जास्त हे चित्र फारसं बदलत नाही.

यावरून "करू नका" असा अर्थ मी काढत नाही. बाकीचे सात जण काही रिकामे बसत नाहीत. पण प्राध्यापकी हे एकमेव ध्येय धरून पीएचडी करत असाल, तर त्याआधी लागणारी पोस्टडॉकची वर्षंही मोजा. त्या वर्षांत शहर, कधी देशही बदलावा लागतो.

तुमच्या बाबतीत काय होईल याचा अंदाज घ्यायला एक संध्याकाळ पुरते. तुम्हाला मनापासून आवडतील अशा नोकऱ्यांच्या वीस जाहिराती गोळा करा आणि प्रत्येकीसमोर तीनपैकी एक खूण करा: पीएचडी अनिवार्य, पीएचडीला प्राधान्य, किंवा उल्लेखच नाही. तिच्या वीसपैकी सहा अनिवार्य, पाच प्राधान्य आणि नऊ बिनउल्लेखाच्या निघाल्या. त्या नऊ ठिकाणी पाच वर्षांचा अनुभव मागितला होता, आणि तो तिला चालू नोकरीत राहून मिळणारच होता. मग मी तिला विचारलं, त्या वीसपैकी तुला सगळ्यात जास्त हव्याशा वाटणाऱ्या पाच कुठल्या? तिने जाहिरातींवर बोट ठेवलं. चार "अनिवार्य"मधल्या होत्या. उलटं निघालं असतं, पाचही बिनउल्लेखाच्या असत्या, तर मी तिला नोकरीतच राहायला सांगितलं असतं.

दुसऱ्या पायरीतली यादी इथे पुन्हा कामाला येते. पूर्ण झालेले विद्यार्थी आज, पाच वर्षांनी, काय करताहेत? पहिल्या गाईडचे सहापैकी दोघे विद्यापीठांत, तिघे सल्लागार कंपन्यांत आणि एक पूर्ण वेगळ्या क्षेत्रात होता. नावाजलेल्या गाईडच्या शिफारसपत्राला वजन असतं, आणि ते त्या दोघांच्या जागांमध्ये दिसत होतं. हा मुद्दा तिने कागदावर पहिल्या ऑफरच्या बाजूने लिहिला, आणि लिहायलाच हवा होता.

चौथं काम: दम किती आहे ते करून पाहा

पीएचडीला लागणारा दम परीक्षेच्या अभ्यासासारखा नसतो. परीक्षेत अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि निकाल तारखेला लागतो. इथे महिनोन्‌महिने कोणीच काही सांगत नाही. केलेलं काम बरोबर आहे की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि ते चूक निघालं तर पुन्हा सुरुवात करायची ती कोणी न सांगता.

किती जण पूर्ण करतात? अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांच्या एका मोठ्या पाहणीत, दहा वर्षांच्या आत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ५७ टक्के निघालं. अभियांत्रिकीत ६४, मानव्यविद्येत ४९. बेल्जियममध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांपैकी ३२ टक्के जणांना मानसिक आजाराचा धोका दिसला, आणि तो कामाचा ताण, निर्णयातला वाटा, घर आणि काम यांची ओढाताण आणि गाईडची वागण्याची पद्धत यांच्याशी जोडलेला होता. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दम हा फक्त तुमचा गुण नसतो. एकाच माणसाचा दम एका गटात टिकतो आणि दुसऱ्या गटात दोन वर्षांत संपतो.

तरी स्वतःचा थोडा अंदाज घेता येतो. तुमच्या विषयातला एक निबंध निवडा आणि त्यातला एकच तक्ता किंवा आलेख स्वतः पुन्हा काढून पाहा. दोन आठवडे, रोज दोन तास. माहिती खुली असलेला निबंध घ्या म्हणजे सुरुवातीलाच अडणार नाही. ज्या विषयात आकडे नसतात तिथे एका प्रकरणाचा युक्तिवाद मूळ साधनांपर्यंत मागे नेऊन तपासा. प्रयोगशाळेच्या विषयात असाल तर दोन आठवडे कोणाच्या तरी हाताखाली बसता येईल का ते विचारा.

तिने विहिरींच्या पातळीचा एक आलेख घेतला होता. पाऊस आणि पातळीतली वाढ यांचा साधा संबंध, एका पानाचं काम. चौथ्या दिवशी तिचा आलेख तयार झाला आणि तो निबंधातल्या आलेखाशी जुळेना. बिंदू सगळे तेच, पण वर्षाची बेरीज प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी. तिने एकक तपासलं, गहाळ नोंदी तपासल्या, आज्ञावली पुन्हा लिहिली. अकराव्या दिवशी तळटीप वाचताना लक्षात आलं की लेखकांनी वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरलंच नव्हतं. त्यांनी जलवर्ष धरलं होतं, जे पावसाच्या चक्राप्रमाणे वर्षाच्या मध्येच सुरू होतं. बारा महिन्यांची बेरीज सरकवल्याबरोबर आलेख जुळला.

आलेख जुळला हे ठीकच. मला रस होता मधल्या सात दिवसांत. सहाव्या दिवशी ती संगणकाशी बसलीच नाही. सातव्या दिवशी पुन्हा बसली. नवव्या दिवशी तिने गाईडच्या एका विद्यार्थ्याला मेल टाकला होता. म्हणजे ती एक दिवस वैतागून दूर राहते, परत येते आणि अडलं की कोणालातरी विचारते. पीएचडीला एवढं पुरतं. ज्याला त्या सात दिवसांत नुसती भीती वाटते आणि दोन आठवड्यांनंतरही पुन्हा बसावंसं वाटत नाही, त्याने ती भावना खरी मानावी. प्रवेश घेतल्यावर ती आपोआप जात नाही.

शरीराचा आणि घराचा हिशोब थोडक्यात सांगतो. आधीपासून औषधं चालू असतील, झोपेचा त्रास असेल, पुढच्या पाच वर्षांत घरातल्या कोणाची देखभाल करावी लागणार असेल किंवा मूल हवं असेल, तर रजेचे नियम आत्ताच लेखी मागवा. वैद्यकीय किंवा प्रसूती रजेच्या काळात स्टायपेंड चालू राहतो का, आणि ते महिने फेलोशिपच्या मुदतीत धरले जातात का, हे दोन प्रश्न पुरेत. दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर पहिल्या पायरीतली तूट तेवढ्या महिन्यांनी वाढवा.

पाचवं काम: बाहेर पडण्याची तारीख आधीच लिहा

हे प्रवेशाआधीच करावं लागतं. आत गेल्यावर घालवलेली वर्षं डोळ्यांसमोर येतात आणि "एवढं केलंय, आता कसं सोडू" हाच विचार सगळं ठरवतो. मी अठराव्या महिन्याची तारीख धरायला सांगतो. तोवर बहुतेक ठिकाणी कोर्सवर्क संपलेलं असतं, पण सगळ्यात मोठा काळ अजून पुढेच असतो.

त्या दिवशी तीन गोष्टी तपासायच्या. माझ्या संशोधनाचा प्रश्न मला एका वाक्यात सांगता येतो का, आणि गाईड तेच वाक्य सांगतो का? मागच्या सहा महिन्यांत माझ्या लिखाणावर किमान दोनदा लेखी प्रतिक्रिया मिळाली का? उरलेल्या महिन्यांचे पैसे कुठून येणार हे ठरलंय का? तिन्हींना "नाही" आलं तर गाईड बदलण्याचं किंवा बाहेर पडण्याचं बोलणं सुरू करायचं. एकाला "नाही" आलं तर ती एक गोष्ट घेऊन गाईडकडे जायचं आणि तीन महिन्यांची मुदत ठरवायची. मध्येच बाहेर पडल्यास पदव्युत्तर पदवी मिळते का हेही आत्ताच विचारा. काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी काहीच हाती लागत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचा कागद असा दिसत होता. पहिली ऑफर: तूट १५ महिने, मसुद्याला सात महिने, तिघांचा पत्ता नाही, शिफारसपत्राला वजन. दुसरी: तूट ६ महिने, मसुद्याला दहा दिवस, टिपणाला दीड पानी उत्तर, पण गाईड नवीन आणि यादीत तीनच नावं. नोकरी: पैसे चांगले, पण हव्याशा पाचपैकी चार जागांचं दार बंद.

तिने दुसऱ्या गाईडला मेल लिहिला आणि दोन गोष्टी मागितल्या: विभागातला एक अनुभवी सहमार्गदर्शक, आणि ४९ ते ५४ या महिन्यांसाठी पैशांची लेखी हमी. सहमार्गदर्शक चार दिवसांत मिळाला. हमी मिळाली नाही. शेवटच्या वर्षी विभागाच्या निधीसाठी अर्ज करता येईल एवढंच उत्तर आलं. सहा महिन्यांचा खर्च तिने नोकरीतल्या बचतीतून वेगळ्या खात्यात टाकला, त्यासाठी रुजू होण्याची तारीख एक सत्र पुढे ढकलून घेतली, आणि मग हो कळवलं. पहिल्या गाईडना नकाराचा मेलही त्याच दिवशी गेला, कारण त्यांच्या यादीत पुढचं नाव कोणाचं तरी वाट पाहत होतं. अठराव्या महिन्याची तारीख तिने फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली आहे, तीन प्रश्नांसकट.